झोपण्यापूर्वीचा 'पोटावरचा ससा'

सहा वर्षांच्या मुलाला अंथरुणावर नेताच 'शांत पड' असे सांगितले, तर ते हमखास उड्या मारते. म्हणून आधी त्याला मांजर होऊ द्यावे. हात-गुडघ्यांवर ओणवे राहून श्वास सोडताना पाठीची कमान वर न्यायची आणि श्वास घेताना ती हळूच खाली आणायची, असे पाच-सहा वेळा पुरे. जेवणानंतर निदान तासभर जाऊ द्यावा.

मग त्याला उताणे झोपवून बेंबीवर कापडी ससा ठेवावा आणि 'सशाला झोका दे, पण पाडू नकोस' असे सांगावे. आमची मुलगी पहिल्या रात्री पोट जोरजोरात फुगवून ससा उडवू लागली. तेव्हा मी श्वासाविषयी काही न बोलता 'ससा पेंगुळलाय' एवढेच कुजबुजले आणि झोका आपोआप संथ झाला. श्वास घेताना दोन आणि सोडताना तीन-चार अंक तुम्हीच हळू मोजावेत, कारण उच्छ्वास लांबला की हृदयाची गती किंचित मंदावते. श्वास रोखायला मात्र कधीही लावू नये. खांदे कानांकडे चढू लागले किंवा गरगरल्यासारखे वाटले, तर मोजणे थांबवून त्याला नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा.