फॉरमॅट राहू द्या, आधी खुर्ची ठरवा

प्रश्न: मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, ४ वर्षं प्रेस शॉपमध्ये आहे. आता बदल हवाय, कुठलीही चांगली नोकरी चालेल. रेझ्युमेचा सगळ्यात चांगला फॉरमॅट कोणता? एक पान की दोन?

‘कुठलीही चालेल’ वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी सहा वर्षांपूर्वी जो भेटेल त्याला ऐकवत होतो.

तेव्हा मी चाकणला एका प्रेस शॉपमध्ये होतो. कामाला क्वालिटीत, पण माणसं कमी म्हणून शिफ्टही सांभाळायचो, आणि डाय मेंटेनन्ससाठी बाहेरून पार्ट करून आणायला व्हेंडरकडेही मीच पळायचो. मला वाटायचं, सगळं येतं म्हणजे सगळीकडे घेतील. बायकोच्या भावाचं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. तो म्हणाला, “दाजी, कागद असा पाहिजे की बघणाऱ्याने हातातून खाली ठेवू नये.” त्याने दोन कॉलमचा निळा रेझ्युमे करून दिला. डावीकडे गोलात फोटो, खाली भाषा आणि छंद, आणि प्रत्येक स्किलपुढे पाचपैकी चार तारे. व्हर्नियरलासुद्धा चार तारे! पाचवा कुठे गेला हे मी त्याला अजून विचारतो.

तो कागद मी चाळीसेक ठिकाणी पाठवला. एका कंपनीच्या पोर्टलवर अपलोड केला तर माहितीचे रकाने आपोआप भरले गेले आणि सध्याच्या कंपनीच्या जागी ‘क्रिकेट, ट्रेकिंग’ आलं. दोन कॉलम असले की बरीच सॉफ्टवेअर ओळ सरळ आडवी वाचत जातात, त्यामुळे डावीकडचं उजवीकडच्यात मिसळतं. मेहुण्याला दाखवलं तर म्हणाला, त्यांचं सॉफ्टवेअर जुनं असेल.

पण खरा दोष त्या निळ्या रंगाचा नव्हता, हे कबूल करतो. एका कन्सल्टंटचा फोन आला होता. त्याने एकच विचारलं, “तुम्ही प्रॉडक्शनचे की क्वालिटीचे?” मी छाती फुगवून म्हणालो, “दोन्ही.” तो म्हणाला, “ठरलं की सांगा.” फोन कट. तेव्हा राग आला, आता नाही. त्याच्याकडे जागा एक असते. पोर्टलवर तो भूमिकेचं नाव, अनुभवाची वर्षं आणि गाव टाकून शोधतो, आणि समोर येणाऱ्या यादीतून त्या जागेवर बसेल असा माणूस उचलतो. ‘दोन्ही’ नावाची जागा त्याच्याकडे नसते.

शेवटी आमच्याच शॉपमधून दुसरीकडे गेलेल्या एका सिनियरने चहाच्या टपरीवर माझा कागद हातात घेतला. स्वतः मुलाखती घेणारा माणूस. पेन काढलं आणि चौदा मुद्द्यांपैकी अकरा खोडले. ‘व्हर्नियर, मायक्रोमीटर हाताळता येतात’ यावर थांबून म्हणाला, “चार वर्षांनी हे लिहितोस? येत नसेल तर लिही, म्हणजे कळेल तरी.” मग म्हणाला, “त्या ब्रॅकेटचं काय झालं होतं? ते कुठे लिहिलंयस?”

ते ब्रॅकेट म्हणजे असं. एका कस्टमरच्या लाइनवर आमचं ब्रॅकेट बसेना, बोल्टच जाईना. होलची जागा ०.३ मिलिमीटर सरकलेली, ड्रॉइंगवर सूट होती ०.२ ची. तीन दिवस पार्ट सॉर्टिंग केलं. प्रोग्रेसिव्ह डायमध्ये पट्टी प्रत्येक स्टेशनवर नेमकी बसवायला पायलट पिन असते, ती झिजलेली निघाली. सकाळचा पहिला नग ओके यायचा म्हणून कोणाच्या लक्षात येत नव्हतं. पट्टी थोडी सैल फिड झाली की पिन तिला ओढून जागेवर आणायची नाही, आणि दुपारपर्यंत अधूनमधून एखादा नग सरकलेला निघायचा. आम्ही पिन बदलली, किती स्ट्रोकनंतर बदलायची ते मेंटेनन्सच्या यादीत घातलं आणि दर दोन तासांनी एक नग फिक्श्चरवर लावायचं कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलं. पुढे सहा महिने ती तक्रार आली नाही.

माझ्या कागदावर या सगळ्याची एकच ओळ होती: ‘ग्राहक तक्रारी हाताळल्या.’

सिनियरने तिथेच विचारलं, तुला कुठल्या खुर्चीवर बसायचंय? क्वालिटीसाठी लिहायचं तर होल सरकण्याचं मूळ कारण कसं शोधलं, कंट्रोल प्लॅनमध्ये काय बदललं आणि तक्रार परत आली का, हे लिही. प्रॉडक्शनसाठी हीच गोष्ट निम्म्याहून कमी महत्त्वाची. तिथे त्याच डायचा चेंजओव्हर आपण ७० मिनिटांवरून ४० वर आणला ते वर घे, शिफ्टला किती माणसं होती ते सांग. आणि व्हेंडर डेव्हलपमेंटला जायचं असेल तर पिन दुसऱ्या व्हेंडरकडून करून घेताना मटेरियल आणि हार्डनेस कसा तपासून घेतलास, ते पहिलं. काम तेच, वर्षं तीच, पण तिन्ही ठिकाणी पहिली ओळ वेगळी, आणि तिसऱ्या ठिकाणी पिन झिजली कशी यात कोणाला रस नाही.

हे मेहुण्याला आजतागायत पटलेलं नाही. ‘मजकूर तुम्ही द्या, मी बसवतो,’ हे त्याचं पालुपद. अरे बाबा, कुठली ओळ वर आणि कुठली बाहेर हे जागा ठरल्याशिवाय तू बसवणार कसा?

मी सप्लायर क्वालिटी धरलं. कागद साधा, एका कॉलमचा, काळ्या अक्षरांचा. वर नावाखाली ‘सप्लायर क्वालिटी इंजिनियर, शीट मेटल, ४ वर्षं’ एवढंच. ‘नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवणे’ हे वाक्य काढलं. तुमच्याकडे असेल तर आत्ता काढा. अकरा ठिकाणी पाठवला, तीन फोन आले, आणि तिन्ही मुलाखतींत ब्रॅकेटवरच गाडी आली. एकाने विचारलं, “पहिला नग ओके होता तर पिनवर संशय कसा आला?” याचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण ते तीन दिवस मी स्वतः नग मोजत बसलो होतो. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून लिहिलंत तर इथे तोंडघशी पडाल.

कुठली खुर्ची हे ठरत नसेल तर क्वालिटी, प्रॉडक्शन, टूल रूम, व्हेंडर डेव्हलपमेंट यांच्या चार-चार जाहिराती उघडा. कामांच्या यादीत ज्यावर तुम्ही कागद न बघता दहा मिनिटं बोलू शकता, त्याला खूण करा. सगळ्यात जास्त खुणा जिथे, ती खुर्ची. दोन सारख्या निघाल्या तर दोन वेगळ्या फाइली करा, एकात दोन घालू नका. त्या जाहिरातीतले शब्दच वापरा, पण फक्त जे केलंय त्याच्यासाठी.

आता थोडं मागे घेतो. अकरात तीन फोन आले त्यात बाजार बरा होता हाही भाग असणार. सरकारी भरतीत ठरलेला अर्ज असतो, तिथे हे काही लागू नाही. डिझाइनची नोकरी असेल तर मेहुणाच बरोबर. आणि ओळखीने थेट प्लांट हेडकडे कागद जात असेल तर दोन कॉलमही चालून जातील.

पानांचं म्हणाल तर चार वर्षांना एक पुरतं. दुसऱ्यावर जात असेल तर बहुतेक व्हर्नियर अजून आत आहे.

तो निळा रेझ्युमे मेहुण्याच्या दुकानात काउंटरच्या काचेखाली नमुना म्हणून आहे. नाव बदललंय, फोटो माझाच आहे.