दागिन्यांचा विमा : चोरीचे वाक्य आधी वाचा

प्रश्न : गृहकर्जासोबत बँकेने घराचा विमा काढून दिला, त्यात दागिन्यांपुढेही रक्कम लिहिली आहे. आईचे आणि माझे मिळून वीसेक तोळे घरात असते. वेगळा विमा काढायला हवा का? जुन्यांची बिले नाहीत, मग कागद कोणते लागतील? आणि दागिने घरात ठेवावेत कसे? – एक वाचक भगिनी, मनीषनगर, नागपूर

ताई, तुमची पॉलिसी बहुधा 'भारत गृह रक्षा' असेल. घरांसाठीची ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. तिच्यातले चोरीचे वाक्य शोधून वाचा. आग, पूर, भूकंप अशी विम्यात धरलेली घटना घडली आणि तिच्यामुळेच, सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच भरपाई मिळते. मे महिन्यात तुम्ही गावी गेलात आणि कुणी कुलूप तोडून कपाट रिकामे केले, तर या पॉलिसीतून काही मिळणार नाही. दागिन्यांपुढची रक्कम आगीसारख्या धोक्यांसाठी आहे. पॉलिसी कर्जाच्या फायलीत तशीच पडून राहते आणि हे वाक्य पहिल्यांदा वाचले जाते ते दावा फेटाळल्याच्या पत्रात. हे आता तरी थांबवा.

तेव्हा घरफोडीचे संरक्षण वेगळे मागा आणि त्यात दागिन्यांची यादी नगाप्रमाणे लावून घ्या. मात्र घरफोडी म्हणजे बळजोरीने केलेला प्रवेश. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच सांगितले आहे की, पॉलिसीत तशी व्याख्या असेल तर चोरीच्या आधी बळाचा वापर झालेला हवा. उघड्या दारातून कुणी आत आले, कामाच्या माणसाने पाटली उचलली किंवा अंगठी नुसतीच सापडेना, तर सहसा दावा बसत नाही.

घरात कसे ठेवायचे, हेही यावरूनच ठरते. तिजोरी लहान असली तरी भिंतीत किंवा फरशीत बोल्टने आतून घट्ट बसवा. सुटी तिजोरी चोर उचलूनच नेतो. तिची किल्ली साड्यांच्या घडीत ठेवू नका. किल्लीने उघडलेल्या तिजोरीतली चोरी अनेक पॉलिसींत वगळलेली असते. किल्ली मारहाण करून किंवा धमकावून घेतली असेल तरच ती चोरी धरतात. नागपुरात आणखी एक जागा बघायलाच हवी, ती कूलरची खिडकी. कूलर बसवायला ग्रील कापतात, पावसाळ्यात कूलर उतरतो आणि भोक तसेच राहते. तिथे काढता-घालता येणारी, आतून कुलूप लागणारी जाळी बसवून घ्या. घर सलग किती दिवस बंद राहिले की संरक्षण थांबते, तो आकडा कंपनीनुसार बदलतो. तो लेखी विचारा.

आता कागद. 'गृह रक्षा'त एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि एकेक नग एक लाखाच्या आत असेल तर मूल्यांकन प्रमाणपत्र माफ आहे. पण आजच्या भावाने तोळ्याची अंगठीही ती मर्यादा ओलांडते. म्हणून नोंदणीकृत मूल्यांककाकडे जा आणि त्याचे प्रमाणपत्र चालेल का, हे कंपनीला आधीच विचारा. इतवारीतल्या ओळखीच्या सराफाची साध्या कागदावरची चिठ्ठी आणून थांबू नका. प्रत्येक नगाचे एकूण वजन, खडे आणि लाख वजा करून निव्वळ वजन, शुद्धता, त्या दिवसाचा भाव आणि फोटो, एवढे प्रमाणपत्रात हवे. तुमच्या आईची एकदाणी लाख भरलेल्या मण्यांची असेल, तर काट्यावरचे वजन आणि सोन्याचे वजन यांत मोठा फरक पडतो. वजन ग्रॅममध्येच लिहून घ्या. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, बाजारातला दहाचा, आणि वाद तिथेच सुरू होतो. नव्या दागिन्यांवर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक असतो, तोही नोंदवा. जुन्यांवर तो नसेल तर शुद्धता हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या.

हे प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी ताजे करा. समजा, सहा लाखांचा विमा काढला आणि भाव चढून तेच दागिने बारा लाखांचे झाले. चोरी चार लाखांची झाली, तर सरासरीचे कलम असलेल्या पॉलिसीत दोन लाखच हातात येतात, कारण निम्म्या किमतीचाच विमा होता.

वीसच्या वीस तोळे घरात ठेवण्याची गरज मात्र मला दिसत नाही. रोज लागणारे पाचसहा तोळे घरी ठेवून त्यांचा विमा काढा, बाकीचे लॉकरमध्ये ठेवा. पण लॉकर म्हणजे विमा नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची लबाडी असल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकीच आहे. भाडे तीन हजार असेल तर ती तीन लाख होते. लॉकरमधल्या ऐवजालाही विमा मिळतो का, हे कंपनीनुसार ठरेल.

आणि चोरी झालीच, तर काही आवरू नका. फिर्यादीत नुसते 'चोरी' नको, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ खाली घरफोडी येऊ द्या आणि तुटलेले कुलूप पंचनाम्यात लिहिले गेले आहे का ते सही करण्याआधी वाचा. कंपनीला त्याच दिवशी ईमेल करा. उशीर झाला तरी न्यायालये कधी कधी ग्राहकाच्या बाजूने उभी राहतात, पण त्या निकालासाठी ग्राहक आयोगात वर्षानुवर्षे तारखा मोजाव्या लागतात.