तांदूळ रेशनचा होता, पण दोष रंगाचा होता

प्रश्न: हस्तकलेसाठी घरीच तांदूळ किंवा वाळू कशी रंगवायची? रंग भडक हवा आणि नंतर सुटायला नको.

पहिली गोष्ट, तांदूळ पाण्यात भिजवून रंगवू नका.

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात आणि त्यांच्यापुढे रंगीत तांदळाचा चौक भरतो. एका वर्षी जाऊबाईंनी होळीचा उरलेला गुलाबी रंग पाण्यात कालवून त्यात तांदूळ भिजवला. वाळल्यावर दाणे तडकले, कितीकांचे तुकडे झाले. जेवणाच्या पंगतीच्या धावपळीत कुणाचा तरी ओला पाय चौकात पडला आणि ज्येष्ठेच्या नव्या साडीच्या काठाला डाग लागला. तो आजही निघालेला नाही. जाऊबाई चारचौघींत म्हणाल्या, "रेशनचा तांदूळ आनला तुनं, म्हून रंग सुटला." तांदूळ मीच आणला होता. पण रंग सुटण्याशी त्याचा काही संबंध नाही.

पाण्यात विरघळलेला रंग वाळला तरी पाणी लागताच पुन्हा विरघळतो. खायच्या रंगाचंही तेच, फक्त व्हिनेगरमुळे तो तांदळातल्या प्रथिनाला थोडा धरून राहतो. नुसता सुका चौक भरायचा असेल तर वाटीभर तांदळाला चमचाभर व्हिनेगर आणि त्यात कालवलेला चिमूटभर खायचा रंग पुरे. पुठ्ठ्यावर चिकटवायचा असेल तर हे चालणार नाही, कारण फेविकॉलमध्ये पाणी असतं आणि दाण्यांच्या कडेनं रंग उतरतो. तिथं अ‍ॅक्रिलिक रंगच हवा. तो एकदा वाळला की पाण्यात विरघळत नाही.

पुढच्या वर्षी मी तोच रेशनचा तांदूळ घेतला. झाकणाच्या बरणीत 1 वाटी तांदूळ, 2 लहान चमचे अ‍ॅक्रिलिक, पाणी अजिबात नाही. दाणा न् दाणा रंगेपर्यंत बरणी हलवली आणि प्लास्टिकवर पातळ पसरला. अर्धवट वाळल्यावर बोटांनी मोकळा करावाच लागतो, नाहीतर गोळे होतात. रात्रभर वाळवून चिमूटभर दाणे ओल्या पांढऱ्या चिंधीत दाबले. चिंधी कोरी निघाली. ती मी जाऊबाईंपुढे ठेवली, तर म्हणाल्या, "रंग महागाचा होता." म्हणजे तांदूळ नाही, रंगच कारण होता ना!

रेतीला व्हिनेगरचा उपयोग नाही. कणांत काही मुरत नाही, रंगाचा वरून थरच बसतो, म्हणून तिथंही अ‍ॅक्रिलिक. आधी रेती पाणी नितळ येईपर्यंत धुऊन खडखडीत वाळवा. गाळ राहिला तर रंग मळकट दिसतो आणि गाळाबरोबर झडतो. आपली नदीची रेती काळपट असते, त्यामुळे पिवळ्याच्या आधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्या.

अ‍ॅक्रिलिकचा तांदूळ खाण्याचा नाही, लहान पोरं आणि कोंबड्यांपासून दूर ठेवा. खायच्या रंगाचा उन्हात फिका पडतो. आणि तांदूळ महागाचा आणा असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, रेशनचाच घ्या, फक्त सोंडे निवडून.