मॉडरेशन आधी की ग्रेड आधी?

प्रश्न: मॉडरेशननंतर ६९.१६ गुण आले. तक्त्यात ६०–६९ ला बी, ७०–७९ ला ए. निकालपत्रात कोणती ग्रेड लिहायची?

उत्तर: बी. मुळात तक्ताच सदोष आहे, कारण ६९ आणि ७० यांच्यामधले गुण कुठेच बसत नाहीत. प्रत्येक ग्रेडची फक्त खालची सीमा ठेवा: ए ७०पासून, बी ६०पासून. मग वरून खाली येताना गुण जी सीमा प्रथम गाठतात, ती ग्रेड.

क्रमही तपासा. तुमचे मूळ गुण ६६.५ आणि मॉडरेशनचा गुणक १.०४ असावा, असं धरतो. मूळ गुण आधीच ६७ केले, तर ६९.६८ येतात, ते पुन्हा पूर्णांकात ७० होतात आणि ए मिळते. म्हणजे ग्रेड दोनदा पूर्णांक केल्यामुळे वाढली, उत्तरपत्रिकेमुळे नव्हे. हे अन्यायाचं आहे. पूर्णांक एकदाच, मॉडरेशननंतर करा.

पेपर कठीण होता म्हणून सीमाच ७०वरून ६८ केली असेल, तर त्याच कारणासाठी गुण वाढवू नका. तीच भरपाई दोनदा होते. निकालात मूळ गुण, सुधारित गुण आणि वापरलेला तक्ता तिन्ही नोंदवा, नाहीतर फेरतपासणीत ग्रेड कुठे बदलली ते सापडत नाही.