मंदीच्या काळात भाडेकपातीचे पत्र

प्रश्न: माझे रेस्टॉरंट आहे. धंदा मंद आहे, तर जागामालकांना काही महिने भाडे कमी करण्याविषयी पत्र कसे लिहू?

उत्तर: अडचण दोन ओळींत सांगून उरलेले पत्र नेमक्या मागणीला द्यावे, कारण जागामालकाला तात्पुरत्या कपातीपेक्षा ती कायमची होण्याची भीती अधिक असते. मजकूर साधारण असा असावा:

«आजवरचे भाडे मी मुदतीत भरले आहे. गेल्या वर्षी याच काळात भाडे विक्रीच्या 10 टक्के होते, ते आता 18 टक्क्यांवर गेले आहे. मासिक विक्रीचा तक्ता सोबत जोडला आहे. तरी पुढील 3 महिने 70 टक्के भाडे स्वीकारावे, ही विनंती. थकलेली रक्कम त्यानंतरच्या 9 महिन्यांत, पूर्ण भाड्यासोबत दरमहा भाड्याच्या 10 टक्के जादा भरून, मी फेडीन.»

ही मुदतवाढ झाली. खरी सूट हवी असेल, तर शेवटच्या वाक्याऐवजी «उरलेली रक्कम माफ करावी» असे स्पष्ट लिहावे. नुसत्या «कपात» या शब्दावरून पुढे वाद होतात. तोंडी होकारावर मात्र विसंबू नये (ओळखीत तर मुळीच नाही), आणि दोघांच्या सहीचा पुरवणी करार होईपर्यंत, जमेल तोवर, पूर्ण भाडेच भरावे, अन्यथा कमी भरलेली रक्कम थकबाकी ठरू शकते.