बैठक नाही, तर बिल्ला नाही

प्रिय पोरी,

विसर्जनाच्या स्वयंसेवकांच्या ग्रुपवर तू बैठकीचा निरोप टाकलास, शंभराच्या वर अंगठे आले, आणि तरी तुला रात्री झोप लागत नाही. झोप न लागणं बरोबर आहे. अंगठा एवढंच सांगतो की निरोप पोहोचला. गौरी-गणपतीच्या दिवशी पंचगंगा घाटावर, रंकाळ्यावर आणि इराणी खणीवर तुझी माणसं उभी राहणार. त्यातलं कोण बैठकीत शेवटपर्यंत बसलं होतं, हे तुला नावानिशी माहीत हवं. म्हणून माझं पहिलं आणि शेवटचं सांगणं हेच: बैठक नाही, तर बिल्ला नाही.

आधी तारखा. गौरी विसर्जन मूळ नक्षत्रावर येतं, त्यामुळे चतुर्थीपासूनचं अंतर दरवर्षी सारखं नसतं. "चतुर्थीनंतर पाचवा दिवस" असं तू धरून चालली आहेस, तसं करू नकोस. पंचांग उघड, विसर्जनाची तारीख लिही आणि तिथून मागं मोजत ये. मुख्य बैठका चतुर्थीच्या आधी संपल्या पाहिजेत. एकदा गणपती घरात बसला की कुणाची आरती, कुणाचे पाहुणे, बायकांची गौरीची तयारी. त्यात तासभर काढून कुणी तुझ्याकडं येणार नाही, आणि न आल्याबद्दल तू रागवायचंही नाहीस. पण महिनाभर आधीही बोलावू नकोस. तोवर कोण कुठं उभं राहणार हेच ठरलेलं नसतं, आणि ऐकलेलंही विसरून जातं. चतुर्थीच्या आधीचे आठ-दहा दिवस धर.

वेळ मात्र एकच ठेवू नकोस. संध्याकाळी सहाची बैठक तुझ्या कॉलेजच्या मैत्रिणींना सोयीची आहे. वडणग्याच्या पोरांची ती धारा काढून डेअरीला दूध घालायची वेळ असते. शिरोली एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. एक बैठक रविवारी सकाळी दहाला, दुसरी आठवड्यातल्या एका रात्री आठला आणि तिसरी राहिलेल्यांसाठी. तिन्ही तारखा पहिल्याच निरोपात कळव, म्हणजे "मला जमत नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही.

आता हजेरी. इथं मी हट्टी आहे आणि राहणार. सही दारात घ्यायची नाही, बैठक संपल्यावर घ्यायची. दारात घेतली की पोरं सही ठोकून चहा पिऊन जातात, एकजण तिघांच्या सह्या करतो, आणि नंतर कागदावर एकाच वळणाच्या सह्या बघून तुला कळतं. शेवटी प्रत्येकाला समोर उभं करून तीन प्रश्न विचार: तुझी जागा कुठली? तुझा गटप्रमुख कोण? हरवलेलं पोर दिसलं तर कुठं नेशील? तिन्हीची उत्तरं आली की सही, आणि सहीबरोबर नंबर घातलेला बिल्ला. बिल्ले दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचे नाहीत. "माझ्या भावाचाही द्या" म्हणणाऱ्याला हसून नाही म्हण.

हजेरीची जुळणी नावावर करू नकोस. कोल्हापुरात पाटील किती आणि त्यातले संग्राम किती! मोबाईल नंबरावर कर. सगळे नंबर आधी शेवटच्या दहा आकड्यांवर आण, कारण एका ठिकाणी +91 लागलेलं असेल तर शीटला ती दोन माणसं वाटतात. नोंदणीचं एक पान, हजेरीचं एक पान, दोन्हीकडं नंबर B रकान्यात. मग नोंदणीच्या पानावर प्रत्येक नावासमोर हे:

```
=COUNTIF('हजेरी'!B:B, B2)
```

शून्य आलं तो आलेला नाही. दोन आलं तो दोनदा आलाय.

हे दोनदा येणारे फसवतात, म्हणून हिशोब करूनच दाखवतो. समज, घाटावर माणसं हवीत १००, तू नावं घेतलीस १२०. पहिल्या बैठकीत ५८ सह्या, दुसऱ्यात ३१. तू म्हणशील ८९ झाले. पण चौघं मित्रांबरोबर दोन्हीकडं येऊन बसले होते, म्हणजे माणसं ८५. राहिले ३५. त्यांना ग्रुपवर पुन्हा निरोप टाकू नकोस, तो आलेलेच वाचतात. गटप्रमुखांनी एकेकाला फोन करायचा. समज, ९ जणांनी सांगितलं की जमणार नाही. त्यांचे आभार मान आणि नावं काढ. उरलेल्या २६ पैकी तिसऱ्या बैठकीला १९ आले. राहिलेल्या ७ जणांना विसर्जनाच्या दोन दिवस आधी थेट घाटावर अर्ध्या तासासाठी बोलाव. चौघं आले. तुझ्याकडं १०८ बिल्लेवाले झाले, आणि तिघांना तू त्या दिवशी उभं करणार नाहीस. वरची वीस नावं घेतलीस ती याचसाठी.

घाटावरच्या त्या अर्ध्या तासाला बिल्लेवाल्या गटप्रमुखांनाही बोलाव. पाऊस लागून राहिला आणि राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढत असेल, तर बैठकीत दाखवलेली पायरी त्या दिवशी पाण्याखाली असते. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका, पण त्याच्या पुष्कळ आधीच दोरी मागं घ्यावी लागते. जागा बदलली की जुनी बैठक अर्धीच उरते. मग ज्यांची जागा बदलली त्यांना नवी जागा नेऊन दाखवायची आणि यादीत त्यांच्यासमोर तशी खूण करायची.

तू विचारशील, एवढा ताठा कशाला, निर्माल्यच तर गोळा करायचंय. मला या प्रश्नाचा राग येतो. मूर्तीदान ऐच्छिक आहे. आधी घरच्यांना विचारायचं, त्यांची आरती पुरी होऊ द्यायची, नको म्हणाले तर हात मागं. हे न ऐकलेला उत्साही पोरगा गर्दीत कुणाच्या तरी हातातून मूर्ती घेतो, आजी रडायला लागते, दोन मिनिटांत बाचाबाची होते, आणि पोलिसांना तुझ्या टेबलापाशी यावं लागतं. दुसरा बुडणारी मूर्ती सावरायला कमरेएवढ्या पाण्यात उतरतो. पाण्यात फक्त जीवरक्षकांनी उतरायचं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दोघंही चांगले असतात. बैठकीला आलेले नसतात, इतकंच.

मी एका जिवलग मित्राच्या मुलाला घाटावरून परत पाठवलं होतं. बिल्ला नव्हता. मित्र म्हणाला, "घरचं पोरगं आहे, उभं राहू दे." मी नाही म्हणालो. पुढं आमचं बोलणं तुटलं ते तुटलंच, आणि तो आता नाही. त्याच्या घरी जाऊन बसायला हवं होतं, हे मला अजून टोचतं. पण त्या पोराला परत पाठवण्याबद्दल मी आजही माघार घेणार नाही. बाकीच्या शंभरजणांनी तास-तास बसून ऐकलं होतं. त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडानं त्याला बिल्ला दिला असता?

तुझ्यावरही ही वेळ येईल. देणगीदाराचा पुतण्या येईल, गल्लीतला दादा चार पोरं घेऊन येईल. भांडू नकोस. घाटाच्या वर, गर्दीपासून लांब, पाण्याचे पिंप आणि चहाचं टेबल लाव आणि त्यांना तिथं मदतीला बसव. दोरीच्या आत मात्र बिल्ल्याशिवाय कुणी नाही. बैठक नाही, तर बिल्ला नाही. नियम तुझ्या नावावर घ्यायला जड जात असेल तर माझं नाव सांग. म्हाताऱ्याचा हट्ट आहे म्हण, लोक ऐकतात.

पहिल्या बैठकीच्या रात्रीच शून्यवाल्यांची यादी काढ आणि गटप्रमुखांना वाटून दे. फोन दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू झाले पाहिजेत. यादी मलाही पाठव, त्यातले पाच-सहा फोन मी करतो.

तुझा,
काका