पॅनेलपर्यंत जाण्याआधी तुझा सारांश दुरुस्त कर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या रिक्रूटरने तुझ्याबद्दल तयार केलेला एक पानाचा सारांश तू मला पाठवलास, ते फार बरं केलंस. बहुतेक उमेदवार तो कागद बघायला मागतच नाहीत. आपला सीव्ही दिला की काम झालं असं त्यांना वाटतं. पॅनेलवर बसणारी माणसं मात्र पुष्कळदा सीव्ही उघडण्याआधी हाच सारांश वाचतात आणि मुलाखतीचे प्रश्नही त्यावरूनच ठरवतात. मी पॅनेलवर बसायचो तेव्हा माझ्यासमोरही हाच कागद वर असायचा.

तुझ्या सारांशात लिहिलंय: एकूण अनुभव 7 वर्षे, एकाच कंपनीत 2018 पासून आजतागायत, सध्याचं पद सीनियर क्वालिटी इंजिनियर, 2021 पासून. या तिन्ही गोष्टी चुकल्या आहेत, आणि तिन्ही तुझ्या बाजूने चुकल्या आहेत. त्यामुळेच हे पत्र घाईने लिहितोय. आपल्या विरुद्ध जाणारी चूक माणूस लगेच दाखवतो. आपल्याला मोठं दाखवणारी चूक दिसली की मन म्हणतं, आपण थोडंच लिहिलंय, त्यांनी लिहिलंय, राहू दे. आपल्याकडे तर फोनवर कोणी विचारलं की न वाचताच ‘बठ्ठं बराबर शे’ म्हणायची सवय आहे. या वेळी तसं म्हणू नकोस.

आधी तुझ्या कागदांवर काय आहे ते बघू. डिप्लोमानंतर ऑगस्ट 2018 ते जुलै 2019 तू अप्रेंटिस होतीस. 1 सप्टेंबर 2019 ते 31 डिसेंबर 2020 तू त्याच कारखान्यात, त्याच टेबलावर काम केलंस, पण ठेकेदाराच्या रोलवर. 1 जानेवारी 2021 ला क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून कंपनी रोलवर आलीस आणि एप्रिल 2023 च्या पत्राने असिस्टंट इंजिनियर झालीस. जून 2025 अखेर हिशोब केला तर ठेकेदाराकडचे 16 महिने आणि कंपनीतले 54 महिने मिळून 70 महिने होतात, म्हणजे 5 वर्षे 10 महिने. अप्रेंटिसशिपचं 1 वर्ष वेगळं.

मग 7 वर्षे आली कुठून? तुझ्या सीव्हीत कंपनीचं नाव एकदाच ठळक आहे आणि त्याखाली तिन्ही टप्पे लहान अक्षरात आहेत. रिक्रूटर दिवसभरात ढीगभर सीव्ही बघतो. कधी सॉफ्टवेअर सीव्हीतून तारखा उचलतं, कधी तो स्वतः. दोन्ही वेळा सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची तारीख उचलली जाते, मधलं सगळं एकसंध धरलं जातं. ऑगस्ट 2018 ते जून 2025 मोजलं की 83 महिने येतात, आणि ते गोल करून 7 झाले. पदाचं कारण वेगळं आहे. मुलाखत घेणाऱ्या कंपनीने जाहिरातीत ‘सीनियर इंजिनियर, क्वालिटी’ मागितला आहे, अनुभव 6 ते 8 वर्षे. रिक्रूटरला उमेदवार त्या चौकटीत बसवायचा असतो. त्यात लबाडीच असते असं नाही. तुझं काम सीनियरसारखंच दिसतं, मग तसं लिहू, असा त्याचा सरळ विचार असू शकतो.

पद्धत समजली की तुझ्या दृष्टीने त्यातला धोका कुठे आहे ते कळेल. नोकरीचं पत्र देण्याआधी किंवा दिल्यानंतर कंपन्या पार्श्वभूमी तपासणी करतात, आणि त्यात पीएफची सेवा-नोंद मागतात. तुझ्या यूएएनखाली पहिली नोंद सप्टेंबर 2019 ची आहे आणि ती ठेकेदाराच्या नावाने आहे. अप्रेंटिसशिपची नोंद तिथे नसेलच, कारण 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नव्हे, आणि त्या कायद्याखालच्या अप्रेंटिसला पीएफ लागू होत नाही. आता तपासणीवाल्याच्या जागी बसून बघ. सारांशात कंपनी 2018 पासून, पीएफमध्ये तीच कंपनी जानेवारी 2021 पासून. जवळजवळ अडीच वर्षांचा फरक. तू एक दिवसही खोटा सांगितलेला नाहीस, घाम त्याच शेडमध्ये गाळलास, तरी कागदावर ते फुगवलेलं दिसतं. अशा वेळी सगळा प्रश्न तुझ्या प्रामाणिकपणावर येतो. रिक्रूटरचं नाव तिथे कुठेच येत नाही.

जळगावच्या एमआयडीसीत पाइप, चटई, डाळ, कोणत्याही कारखान्यात जा, आधी ठेकेदाराकडे आणि मग कंपनी रोलवर ही वाट नेहमीची आहे. तिची लाज वाटू देऊ नकोस. उलट ठेकेदाराच्या माणसाला कंपनीने स्वतःच्या रोलवर घेतलं, ही तुझ्या कामाची पावती आहे. सारांशात ती वाट पुसली गेली, तर पावतीही पुसली जाते.

पदाबद्दल थोडं जास्त बोलतो. आपल्या भागातल्या घरगुती कंपन्यांत पदं तोंडी वाढतात. मालक पाहुण्यांसमोर ‘ह्या आमच्या क्वालिटी मॅनेजर’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पगाराच्या स्लिपवर असिस्टंट इंजिनियरच असतं. पॅनेलसाठी पद ते, जे नेमणूक पत्र, बढतीचं पत्र आणि सॅलरी स्लिप या तिन्हींवर सारखं आहे. फॉर्म 16 इथे फारसा कामाचा नाही, तो पगार आणि कर सांगतो, पद नाही. तुझं काम पदापेक्षा मोठं असेल तर पद न बदलता कामाच्या ओळीत लिही. ‘असिस्टंट इंजिनियर, दोन शिफ्टची तपासणी बघते, 4 इन्स्पेक्टर हाताखाली’ हे वाक्य खोट्या ‘सीनियर’पेक्षा कितीतरी वजनदार आहे.

चुकीचं पद मुलाखतीतही महागात पडतं. सीनियर लिहिलं की प्रश्न सीनियरचे येतात. कच्चा माल देणाऱ्याचं ऑडिट तू एकटीने किती वेळा केलंस? ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचं मूळ कारण शोधून सही कोणाची असायची? याची उत्तरं तू चाचरत देशील, आणि पॅनेलला वाटेल 7 वर्षांत एवढंच? तेच पॅनेल असिस्टंट इंजिनियरला विचारेल की IS 4985 च्या पाइपची भिंतीची जाडी कमी आली तर लाइनवर आधी काय बघशील. तिथे तू मशीनसमोर उभं राहून शिकलेलं बोलशील आणि चांगली दिसशील. मी उमेदवारांना अशा जागी अडलेलं पाहिलंय, आणि अडण्याचं कारण त्यांची हुशारी कमी असणं नव्हतं.

आता करायचं काय. मुलाखत गुरुवारी आहे, म्हणजे कागद अजून कंपनीच्या एचआरकडे असेल किंवा आज-उद्या जाईल. फोनवर सांगू नकोस, किंवा सांगितलंस तरी लगेच मेल कर. फोनवरची दुरुस्ती रिक्रूटरच्या डोक्यात राहते, कागदावर उतरत नाही. तू मेल इंग्रजीत लिहिशील, आशय एवढाच ठेव:

‘नमस्कार सर, सारांश पाठवल्याबद्दल आभार. तीन ठिकाणी दुरुस्ती हवी आहे. एकूण अनुभव 7 वर्षांऐवजी 5 वर्षे 10 महिने (जून 2025 अखेर), अप्रेंटिसशिप 1 वर्ष वेगळी. सप्टेंबर 2019 ते डिसेंबर 2020 ठेकेदाराच्या रोलवर, कामाची जागा हीच कंपनी. जानेवारी 2021 पासून कंपनी रोलवर. पद असिस्टंट इंजिनियर, एप्रिल 2023 पासून. त्याआधी क्वालिटी इन्स्पेक्टर. नेमणूक पत्र, बढतीचं पत्र आणि पीएफची सेवा-नोंद जोडली आहे. जुनी प्रत पुढे गेली असल्यास कृपया सुधारित प्रत पाठवून मला कळवा.’

कोणाची चूक, कशी झाली, यावर एक शब्दही नको. शेवटचं वाक्य मात्र गाळू नकोस. दुरुस्त प्रत रिक्रूटरच्या संगणकात पडून राहते आणि पॅनेलच्या हातात जुनीच छापील प्रत असते, हे फार वेळा होतं. ‘पाठवली’ असं उत्तर आलं की निश्चिंत हो, तोवर नाही.

रिक्रूटर म्हणू शकतो, ‘मॅडम, 5 वर्षे 10 महिने लिहिलं तर 6 च्या अटीत बसत नाही, चालतं हो.’ त्याला नम्रपणे सांग की दोन महिन्यांची सूट द्यायची की अप्रेंटिसशिप मोजायची, हे कंपनीने ठरवू दे, पण खरा आकडा बघून. अनेक ठिकाणी अशी सूट मिळते. काही ठिकाणी मिळत नाही, आणि त्या एका कंपनीत तुझी मुलाखत रद्द होऊ शकते. ती किंमत मी लपवत नाही. पण नोकरीच्या पत्रात बहुधा एक कलम असतं, की माहिती चुकीची निघाली तर नोकरी केव्हाही संपवता येईल. जळगावची नोकरी सोडून, चाकणला खोली भाड्याने घेऊन, तिसऱ्या महिन्यात ते कलम समोर येणं जास्त महाग आहे.

त्याने दुरुस्ती केलीच नाही, तर रिक्रूटरला डावलून पॅनेलच्या लोकांचे पत्ते शोधत बसू नकोस. मुलाखतीचं निमंत्रण एचआरच्या ज्या मेलवरून आलंय, त्यालाच उत्तर देऊन हीच माहिती कळव, रिक्रूटरलाही प्रत ठेव. आणि गुरुवारी ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणतील तेव्हा पहिल्याच दोन वाक्यांत सांग: ‘सारांशात अनुभव 7 वर्षे दिसत असेल, तो 5 वर्षे 10 महिने आहे, पहिले 16 महिने मी ठेकेदाराच्या रोलवर होते.’ मग थांब, खुलासा लांबवू नकोस. पुढचे प्रश्न आपोआप बरोबर जागेवर येतात.

एक काम आजच कर. यूएएनने लॉगिन होऊन ठेकेदाराच्या नोंदीत नोकरी सोडल्याची तारीख भरलेली आहे का ते बघ. ठेकेदार ती बऱ्याचदा भरत नाहीत, मग एकाच वेळी दोन नोकऱ्या चालू असल्यासारखं दिसतं. रिकामी असेल तर पोर्टलवर ती सदस्याला स्वतः भरता येते, आधार जोडलेलं असलं की झालं. तारीख ठेकेदाराच्या शेवटच्या पगाराशी जुळवूनच भर, कारण एकदा भरली की ती बदलणं सोपं नसतं.

मेल पाठवण्याआधी मला एकदा दाखव. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो.

तुझा,
काका